हर्डल आहे, हाय-वॉटर मार्कही आहे. मग फी कशावर लागते?

प्रश्न: एका हेज फंडाच्या कागदपत्रांत २ टक्के मॅनेजमेंट फी, २० टक्के परफॉर्मन्स फी, ५ टक्के हर्डल आणि हाय-वॉटर मार्क असं लिहिलंय. फंड मधे एखाद्या वर्षी तोट्यात गेला आणि नंतर पुन्हा वर आला, तर माझ्याकडून परफॉर्मन्स फी नेमकी कधी आणि कशावर कापली जाईल?

उत्तर:

जुना उच्चांक ओलांडेपर्यंत परफॉर्मन्स फी लागणार नाही, एवढं तुम्ही दिलेल्या माहितीवरून खात्रीने सांगता येतं. ओलांडल्यावर किती लागेल, हे मात्र या चार अटींवरून सांगताच येत नाही. हर्डल म्हणजे फी लागण्याआधी फंडाने गाठायचा किमान परतावा, आणि हाय-वॉटर मार्क म्हणजे हा जुना उच्चांक. हे दोन्ही एकमेकांना कसे जोडलेत, हे सांगणारं एक वाक्य ऑफरिंग डॉक्युमेंटमध्ये कुठेतरी असतं. त्या एका वाक्यामुळे, तोच फंड आणि तोच परतावा असतानाही फी २४,००० डॉलर होऊ शकते, १३,५०० होऊ शकते किंवा शून्यही होऊ शकते. फंड ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये माझं रोजचं काम हे हिशेब तपासण्याचंच आहे. तिथे गुंतवणूकदार आणि फंड यांच्यात जे खटके उडतात, ते २० टक्क्यांवरून क्वचितच असतात. बहुतेक वेळा ते या वाक्यावरून असतात.

एक उदाहरण चार वर्षांचं धरू. तुम्ही १० लाख डॉलर गुंतवले, शेअरचा भाव म्हणजे एनएव्ही १०० डॉलर, म्हणून तुमच्या नावावर १०,००० शेअर आले. पुढचे सगळे आकडे मॅनेजमेंट फी आणि इतर खर्च वजा झाल्यानंतरचे आहेत असं समजा. बहुतेक फंडांत परफॉर्मन्स फीचा हिशेब तिथूनच सुरू होतो. कागदपत्रात तो त्याआधीच्या नफ्यावर धरला असेल, तर तुम्ही मॅनेजमेंट फीच्या रकमेवरही २० टक्के भरता आहात. एवढं आधी पाहून घ्या.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. शेअर १०० वरून १३० वर आला. हर्डल नसतं, तर ३० डॉलर नफ्याचे २० टक्के म्हणजे शेअरमागे ६ डॉलर फी लागली असती. तुमच्या फंडाचं ५ टक्के हर्डल ‘हार्ड’ असेल, तर पहिले ५ डॉलर पूर्णपणे तुमचे राहतात, फी उरलेल्या २५ डॉलरवर लागते, म्हणजे ५ डॉलर होते. वर्षअखेरीला एनएव्ही १२५ राहतो. पण तेच हर्डल ‘सॉफ्ट’ असेल, तर ते फक्त दार उघडायचं काम करतं. ५ टक्क्यांच्या पुढे गेलात की फी पहिल्या डॉलरपासून सगळ्या नफ्यावर लागते. तेव्हा फी पुन्हा ६ डॉलर आणि एनएव्ही १२४. तुमच्या १०,००० शेअरवर हा फरक १०,००० डॉलरचा झाला, आणि माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर दोन्हींकडे ‘५ टक्के हर्डल’ एवढंच छापलेलं असतं.

सॉफ्ट हर्डलमध्ये एक विचित्र जागा आहे, ती आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. वर्षाचा परतावा बरोबर ५ टक्के आला, तर फी शून्य आणि तुमच्या हातात १०५. परतावा साडेपाच टक्के आला, तर साडेपाच डॉलरचे २० टक्के म्हणजे १.१० डॉलर फी, आणि तुमच्या हातात १०४.४०. फंडाने जास्त कमावलं आणि तुम्हाला कमी मिळालं. हा खड्डा बुजवायला ‘कॅच-अप’ नावाची तरतूद घालतात. तिच्यात पहिले ५ डॉलर तुमचे, त्यापुढचा सगळा नफा मॅनेजरचा, तोही त्याचा वाटा एकूण नफ्याच्या २० टक्के होईपर्यंतच. आपल्या उदाहरणात ते ६.२५ डॉलरला होतं: ५ तुमचे, १.२५ त्याचे. तिथून पुढे नेहमीची ८०-२० वाटणी. कॅच-अपमुळे तुमचा एनएव्ही खाली उडी मारत नाही, पण ६.२५ टक्क्यांच्या वरच्या वर्षात हर्डल असून नसल्यासारखंच होतं. म्हणून हर्डल दिसलं की पहिला प्रश्न हार्ड की सॉफ्ट हा विचारा, टक्केवारीचं नंतर पाहता येईल. पुढचा हिशेब मी हार्ड हर्डल धरून करतो.

तर वर्षअखेरीला फी कापून झाली, एनएव्ही १२५ उरला, आणि हाच तुमचा हाय-वॉटर मार्क ठरला. इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. वर्षात मधे कधीतरी शेअर १४० ला गेला असला, तरी तो हाय-वॉटर मार्क नव्हे. ज्या दिवशी फी पक्की होऊन मॅनेजरच्या खात्यात जाते, त्या दिवसाला क्रिस्टलायझेशनची तारीख म्हणतात, आणि सहसा त्या दिवशीचा फी वजा जाता एनएव्ही हाच मार्क असतो. मधल्या महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये फी नुसती बाजूला मांडून ठेवलेली असते, नफा खाली आला की ती तरतूदही परत विरघळते.

दुसऱ्या वर्षी फंड २० टक्के पडला. एनएव्ही १००. परफॉर्मन्स फी अर्थातच नाही. तिसऱ्या वर्षी २० टक्के वर आला, एनएव्ही १२०. या वर्षी २० टक्के कमावले म्हणून मॅनेजर नुसत्या वार्षिक परताव्यावर फी घेऊ शकला असता, तर ५ टक्के हर्डल सोडून उरलेल्या १५ डॉलरवर ३ डॉलर, म्हणजे तुमच्या शेअरवर ३०,००० डॉलर लागले असते. ते तुमच्याच पैशाचा खड्डा भरून काढल्याबद्दल झाले असते, कारण १२५ अजून यायचे आहेत. हाय-वॉटर मार्क नेमकं हेच थांबवतो. तिसऱ्या वर्षी फी शून्य. २० टक्के पडझड भरून काढायला २५ टक्के वाढ लागते, हे अंकगणित इथे तुमच्या बाजूने उभं राहतं.

मॅनेजमेंट फी मात्र या सगळ्यात कधीच थांबत नाही. एनएव्ही १०० असताना २ टक्के म्हणजे वर्षाला साधारण २०,००० डॉलर जातच असतात. ‘तोट्यात फी नाही’ हे वाक्य फक्त परफॉर्मन्स फीपुरतं खरं आहे.

आता चौथं वर्ष, आणि तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. फंड १५ टक्के वर आला, एनएव्ही १२० वरून १३८ झाला. १२५ चा मार्क ओलांडला. फी कशावर? कागदपत्रातल्या त्या वाक्याचे तीन प्रकार मला नेहमी दिसतात.

पहिल्या प्रकारात हर्डल दर वर्षी नव्याने सुरू होतं आणि वर्षाच्या सुरुवातीच्या एनएव्हीवर मोजतात. १२० वर ५ टक्के म्हणजे १२६. एकीकडे मार्क १२५, दुसरीकडे हर्डलचा आकडा १२६. जो वर असेल तो उंबरठा धरायचा. १३८ मधून १२६ गेले, उरले १२ डॉलर, त्याचे २० टक्के २.४० डॉलर. तुमच्या १०,००० शेअरवर २४,००० डॉलर. इथे लक्षात घ्या की हर्डलने उंबरठा जेमतेम एका डॉलरने वर ढकलला. फंड आणखी थोडा खोल गेला असता, तर हर्डलचा आकडा मार्कच्या खालीच राहिला असता आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. तोट्यातून वर येतानाच्या वर्षांत या प्रकारचं हर्डल कागदावर असतं आणि हिशेबात नसतं.

दुसऱ्या प्रकारात हर्डल हाय-वॉटर मार्कवर चढवतात. १२५ वर ५ टक्के म्हणजे १३१.२५. त्याच्या वर ६.७५ डॉलर उरतात, फी १.३५ डॉलर, एकूण १३,५०० डॉलर.

तिसऱ्या प्रकारात हर्डल साचत जातं. शेवटची फी घेतल्यापासून जितकी वर्षं गेली तितकी वर्षं १२५ वर ५ टक्के चक्रवाढीने चढतात. तीन वर्षांत तो उंबरठा १४४.७० वर पोचतो. फंड १३८ वर आहे. फी शून्य. इथे मॅनेजरला फक्त जुना भाव परत आणून चालत नाही, अडकून पडलेल्या वर्षांचा किमान परतावाही आधी द्यावा लागतो.

इंग्रजी कागदपत्रात या वाक्यात ‘क्युम्युलेटिव्ह’, म्हणजे साचणारं, किंवा ‘नॉन-क्युम्युलेटिव्ह’ हा शब्द सापडला, तर निम्मं काम झालं. तो नसेल तर ‘हर्डल रिसेट’ होतं का आणि ते कशावर मोजतात, ते शोधा. काही कागदपत्रांत यापैकी काहीच स्पष्ट नसतं. अशा वेळी मी एकच करतो. वरच्यासारखं चार वर्षांचं कोष्टक पाठवतो आणि शेवटच्या रकान्यातली फी भरून द्या म्हणतो. शब्दांवर वाद घालण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं, आणि लेखी उत्तर हाताशी राहतं.

साचणारं हर्डल ही काही स्वप्नातली अट नाही. वॉरन बफे यांच्या १९६० च्या दशकातल्या भागीदारीत मॅनेजमेंट फी नव्हतीच. वर्षाला ६ टक्क्यांच्या वरच्या नफ्याचा चौथा हिस्सा ते घेत, आणि एखाद्या वर्षी ६ टक्क्यांना जेवढी कमतरता पडे ती पुढच्या वर्षांच्या हिशेबात ओढली जाई. माझ्या मते गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हीच सगळ्यात प्रामाणिक रचना आहे. याउलट अल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांनी १९४९ मध्ये जो फंड सुरू केला, ज्याला पहिला हेज फंड मानतात, त्यातून २० टक्के हा आकडा या धंद्यात रूढ झाला. हर्डल मात्र त्या आकड्याइतकं सार्वत्रिक झालं नाही, आजही अनेक फंडांत ते नसतं. तुमच्या फंडात ते आहे, म्हणून त्याचे दात खरे आहेत की दाखवायचे हे पाहणं अगत्याचं.

आता दुसरी गोष्ट, जी लोक विचारत नाहीत आणि जिच्यामुळे स्टेटमेंट हातात आल्यावर गोंधळतात. हाय-वॉटर मार्क फंडाचा नसतो, तुमच्या त्या-त्या वेळच्या पैशाचा असतो. आपल्या उदाहरणात तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, एनएव्ही १०० असताना, दुसरा कोणी गुंतवणूकदार आला असं समजा. सगळ्या फंडाला मिळून १२५ हा एकच मार्क असता, तर त्याला १०० पासून १२५ पर्यंतचा नफा फुकट मिळाला असता, त्याने तर काहीच गमावलं नव्हतं. मॅनेजरला हे परवडत नाही, आणि न्यायाचंही नाही. म्हणून बरेच फंड दर महिन्याला आलेल्या पैशाची वेगळी सिरीज काढतात, प्रत्येक सिरीजचा एनएव्ही आणि मार्क वेगळा. काही फंड सगळ्यांना एकच एनएव्ही ठेवून, ज्याचा-त्याचा फरक इक्वलायझेशन नावाच्या हिशेबाने खात्यावर जमा-वजा करतात. दोन्हींचा हेतू एकच.

हे तुमच्यावर कधी येतं? तुम्ही पडत्या काळात पैसे वाढवलेत की. समजा तुम्ही स्वतःच तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला १०० च्या भावाने आणखी ५ लाख डॉलर घातले. जुन्या १०,००० शेअरचा मार्क १२५, नव्या ५,००० शेअरचा मार्क १००. वर्षअखेरीला एनएव्ही १२० झाला. जुन्या शेअरवर फी नाही, बरोबर. पण नव्या सिरीजवर १०५ च्या वरचे १५ डॉलर नफा धरला जातो, ३ डॉलर फी, एकूण १५,००० डॉलर. जुना पैसा अजून मार्कच्या ५०,००० डॉलर खाली आहे, तरी त्याच वर्षी तुम्हाला परफॉर्मन्स फी लागली. यात चूक काहीच नाही, पण स्टेटमेंटवर सिरीजनिहाय दोन ओळी नसतील तर ती चूक वाटते. नुसती एकूण रक्कम दाखवणारं स्टेटमेंट आलं, तर सिरीजनिहाय मागून घ्या. अंशतः पैसे काढताना कुठल्या सिरीजमधले आधी जातात हेही तिथेच कळतं. बहुधा आधी आलेला पैसा आधी जातो, आणि त्या शेअरबरोबर त्यांचा १२५ चा मार्कही जातो. बाहेर पडून नंतर परत आलात, तर नवा मार्क परत येतानाच्या भावाला लागतो. तोट्यात असलेला मार्क ही तुमच्याकडची किमती वस्तू आहे, ती सोडताना निदान माहीत असावं.

क्रिस्टलायझेशन किती वेळा होतं, हेही पाहाच. वार्षिक असेल तर वर्षातले चढउतार एकमेकांत जिरतात. तिमाही असेल तर जिरत नाहीत. हर्डल क्षणभर बाजूला ठेवा. पहिल्या तिमाहीत शेअर १०० वरून ११० झाला, २ डॉलर फी गेली, १०८ उरले. पुढच्या नऊ महिन्यांत घसरून ९८ वर वर्ष संपलं. तिमाही हिशेबात तुम्ही तोट्यातल्या वर्षाची फी भरून बसलात. वार्षिक हिशेबात ते २ डॉलर कधीच गेले नसते आणि वर्ष साधारण ९९.८० वर संपलं असतं. मार्क १०८ आहे, तो पुढे तुम्हाला सांभाळेल हे खरं, पण गेलेले २ डॉलर परत येत नाहीत, क्लॉबॅकची, म्हणजे दिलेली फी परत मिळण्याची, स्पष्ट तरतूद असल्याशिवाय. युरोपातल्या किरकोळ गुंतवणूकदारांच्या फंडांसाठी ईएसएमए या नियामक संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, फी वर्षातून एकदाच पक्की व्हावी हेच तत्त्व घातलं आहे. हेज फंड बहुतांशी त्या चौकटीबाहेर असतात, तिथे जे कागदावर लिहिलं तेच लागू. मधेच वर्षात तुम्ही पैसे काढले, तर त्या दिवसापर्यंतची तरतूद केलेली फी त्या शेअरपुरती लगेच पक्की होते, हे वार्षिक आणि तिमाही दोन्ही प्रकारांत सारखंच.

शेवटी, मार्क कागदावर असूनही हातातून कसा निसटतो ते सांगतो. खोल तोट्यानंतर मॅनेजरला वर्षानुवर्षं परफॉर्मन्स फी मिळणार नसते. त्याच्या हाताखालच्या लोकांचे बोनस त्यातूनच येतात, म्हणून चांगली माणसं निघून जाऊ लागतात. सिटाडेलच्या केन्सिंग्टन आणि वेलिंग्टन या मुख्य फंडांनी २००८ मध्ये सुमारे ५५ टक्के गमावले. तेवढं भरून काढायला १२२ टक्के वाढ लागते. त्यांनी फंड चालू ठेवला आणि जुना मार्क गाठायला जानेवारी २०१२ उजाडलं. सगळे इतका काळ थांबत नाहीत. कोणी फंड बंद करून नव्या नावाने नवा फंड काढतो, जिथे मार्क पुन्हा १०० पासून. कोणी गुंतवणूकदारांकडून मार्क खाली आणायची संमती मागतो. आणि काही कागदपत्रांत सुरुवातीपासूनच ‘मॉडिफाइड हाय-वॉटर मार्क’ असतो: तोट्यानंतर फी बंद न होता अर्ध्या दराने चालू राहते, आणि तोट्याच्या एका ठरलेल्या पटीइतका नफा, उदाहरणार्थ अडीचपट, होईपर्यंत तो अर्धा दरच राहतो. हा शेवटचा प्रकार मला सरसकट वाईट वाटत नाही. मॅनेजरला थांबायला कारण मिळतं, आणि तुम्हाला मार्क ओलांडल्यानंतरही काही काळ कमी दराने फी लागते. पण आपल्या उदाहरणातल्या तिसऱ्या वर्षी तुम्ही शून्याऐवजी १० टक्के दराने फी भरली असती, म्हणजे १५ डॉलरवर १.५० डॉलर. उत्तर देताना सुरुवातीला मी ‘खात्रीने’ म्हटलं, ते साध्या मार्कसाठी. तुमच्या कागदपत्रात ‘मॉडिफाइड’ हा शब्द किंवा ‘रिसेट’ची एखादी तारीख असेल, तर ते विधान तुम्हाला लागू होत नाही.

वर्षअखेरीला ॲडमिनिस्ट्रेटरकडे प्रत्येक सिरीजसाठी पाच आकडे मागा: वर्षाच्या सुरुवातीचा एनएव्ही, परफॉर्मन्स फी कापण्याआधीचा अखेरचा एनएव्ही, मार्क, हर्डलचा आकडा आणि कापलेली फी. पहिल्या चारांवरून पाचवा तुम्हाला स्वतः काढता आला पाहिजे. जुळला नाही, तर आधी हर्डलचा आकडा कशावर मोजलाय ते बघा. माझ्या अनुभवात फरक बहुतेक वेळा तिथेच सापडतो.